प्रमुख पाहुण्यांना पत्र लिहिताना: तारीख, वेळ, श्रोते आणि नेमकं काम

शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाकडे सांस्कृतिक विभाग लवकरच येतो, आणि पाठोपाठ मुख्याध्यापकांचा निरोप येतो, ‘पाहुण्यांचं पत्र तेवढं तयार करा.’ फाईलमध्ये मागच्या वर्षीचं पत्र असतंच. नाव आणि तारीख बदलली की झालं, असं वाटतं. त्या पत्रात साधारणपणे असं असतं: ‘आमच्या विद्यालयात विज्ञान प्रदर्शन आयोजित केले असून आपल्या शुभहस्ते उद्घाटन व्हावे व विद्यार्थ्यांना आपले मोलाचे मार्गदर्शन लाभावे, ही नम्र विनंती.’

वाचायला ठीक आहे. पण ज्याला हे पत्र मिळतं त्याला काहीच कळत नाही. किती वाजता यायचं हे असतं, किती वाजता सुटका होणार हे नसतं. समोर पाचवीची मुलं असतील की पालक, हे नसतं. बोलायचं कशावर आणि किती वेळ, तेही नसतं. मग पाहुणा एक तर फोन करून विचारतो, नाही तर ‘बघतो, कळवतो’ म्हणून विषय टाळतो. पत्र गेल्यावर चार दिवसांत ‘मी नेमकं काय करायचं आहे?’ असा फोन आला, तर पत्र अपुरं होतं असं समजावं.

इथे एकच उदाहरण घेऊन पत्र तयार करू. तालुक्याच्या गावातलं एक माध्यमिक विद्यालय, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, मुलांनी केलेल्या प्रयोगांचं प्रदर्शन आणि बक्षीस वितरण. प्रमुख पाहुण्या म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या एका भूवैज्ञानिक बाई. गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे ही निवड मुलांनाही कळेल अशी आहे.

लिहायला बसण्याआधी

पहिला फोन मुख्याध्यापकांनी करावा, निदान त्यांच्या नावाने तरी व्हावा. तोंडी होकार मिळाल्याशिवाय पत्र पाठवू नये. नकार द्यायचाच असेल तर फोनवर देणं दोघांनाही सोपं जातं. लेटरहेडवरच्या पत्राला नकार देताना माणूस उगाच अवघडतो.

त्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. नाव कसं लिहायचं: डॉ. की श्रीमती, आडनाव कोणतं, पदनाम पूर्ण काय. बाईंच्या नावाआधी आपण होऊन ‘सौ.’ लावू नका. त्या स्वतः तसं लिहीत असतील तरच लावा. दुसरं, त्या सरकारी नोकरीत आहेत, तेव्हा पत्राची एक प्रत कार्यालयप्रमुखांना लागेल का. काही ठिकाणी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी पत्र हाती असावं लागतं. तिसरं, पत्र कुठल्या पत्त्यावर, की व्हॉट्सॲपवर पीडीएफ चालेल. मूळ प्रत मात्र कागदावर द्यावीच.

आता तारीख. २०२६ साली २८ फेब्रुवारीला शनिवार आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे बाईंना रजा टाकावी लागणार नाही; पण आपण त्यांचा सुट्टीचा दिवस मागतो आहोत, हे लक्षात ठेवून वेळ आटोपशीर हवी. शाळेची शनिवारी सकाळची शाळा. शिवाय हे दिवस बोर्डाच्या परीक्षेचे. शाळा परीक्षा केंद्र असेल आणि त्या दिवशी पेपर असेल, तर आवारात ध्वनिक्षेपक लावून कार्यक्रम होणार नाही. तारीख आधी बदला, पत्र नंतर लिहा. आपल्या उदाहरणातली शाळा केंद्र नाही.

पाहुण्यांचा वेळ वेगळा काढा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कार्यक्रमपत्रिका आपल्यासमोर असते, त्यामुळे पत्रात आपण कार्यक्रमाची वेळ लिहितो. पाहुण्यांना हवी असते त्यांची स्वतःची वेळ. शाळा साडेसातला भरते, मुलं आठपर्यंत मांडणी करत असतात. त्या वेळी पाहुण्या आल्या तर त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवून तासभर चहा पाजत राहावं लागतं.

म्हणून आधी कागदावर मिनिटांचा हिशेब मांडा. प्रदर्शनात समजा चौतीस प्रयोग आहेत. प्रत्येकापाशी पाहुण्या थांबणारच, मूल पाठ केलेलं सांगणारच, आणि एक प्रश्न तरी विचारला जाणारच. चार मिनिटांच्या आत कोणी सुटत नाही. चौतीस गुणिले चार, म्हणजे सव्वादोन तास झाले. ते शक्य नाही. तेव्हा विज्ञान शिक्षकांनी बारा प्रयोग आधी निवडावेत, त्यांत पाण्याशी संबंधित सगळे घ्यावेत, आणि बाकीच्या प्रयोगांवरून पाहुण्या चालत जातील असं ठरवावं. बाराला पन्नास मिनिटं पुरतात.

बक्षिसांचंही तसंच. सत्तावीस बक्षिसं असतील तर नाव पुकारणं, मुलाचं मागच्या रांगेतून येणं, नमस्कार, फोटो, असं धरून एका बक्षिसाला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे पंधरा मिनिटं. मुलांना आधीच क्रमाने पुढच्या रांगेत बसवलं तरच हे पंधरा मिनिटांत होतं. नाही तर पंचवीस.

भाषण बक्षिसांच्या आधी ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीस हातात पडलं की पुढची रांग वेष्टन सोडायला लागते, मागची रांग नाराज असते, आणि पाहुण्यांचं बोलणं त्या कुजबुजीत वाहून जातं.

हा हिशेब जुळवला की वेळा अशा येतात. पाहुण्यांचं आगमन सव्वाआठ. उद्घाटन साडेआठ. प्रदर्शनाची पाहणी नऊ वीसपर्यंत. साडेनऊला मुख्य कार्यक्रम: दहा मिनिटं स्वागत आणि प्रास्ताविक, वीस मिनिटं पाहुण्यांचं भाषण, दहा मिनिटं मुलांचे प्रश्न, पंधरा मिनिटं बक्षिसं, दहा मिनिटं अध्यक्षांचं मनोगत, पाच मिनिटं आभार. दहा चाळीसला समारोप, चहा, आणि अकराला पाहुण्या निघायला मोकळ्या. पत्रात ही सगळी यादी द्यायची नाही. आगमन, त्यांच्या कामाच्या वेळा आणि निघण्याची वेळ, एवढंच द्यायचं.

श्रोते किती आणि कोण

‘विद्यार्थी, शिक्षक व पालक मोठ्या संख्येने उपस्थित राहणार आहेत’ हे वाक्य पत्रातून काढून टाका. आकडा लिहा, आणि तो पटावरचा नव्हे तर प्रत्यक्ष येणारा. पाचवी ते नववीचा पट तीनशे ऐंशी असेल तर शनिवारी साडेतीनशेच्या आसपास मुलं असतील. दहावीची मुलं परीक्षेच्या गडबडीत, ती नसतील. हे लिहिलं की पाहुण्या ‘दहावीनंतर कोणत्या शाखेला जावं’ यावर तयारी करून येत नाहीत. सोळा शिक्षक, चाळीसेक पालक.

आकड्याइतकंच वय महत्त्वाचं. पाचवीतलं दहा वर्षांचं मूल आणि नववीतलं चौदा वर्षांचं मूल एकाच सतरंजीवर बसणार असेल, तर वक्त्याला ते आधी कळायला हवं. मुलं मराठी माध्यमाची आहेत, शेतकरी कुटुंबांतली आहेत, घरच्या विहिरीशी त्यांचा संबंध आहे, हे एका वाक्यात सांगितलं की बाई आपल्या कार्यालयातलं इंग्रजी सादरीकरण घेऊन येणार नाहीत. त्याच वाक्याला जोडून बसण्याची जागा सांगा: मैदानावर मांडव, हातात धरायचा माईक आहे, पण दिवसाच्या उजेडात पडद्यावर काही दिसणार नाही. प्रोजेक्टर नसेल तर नाही म्हणून लिहा. पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या वक्त्याला ऐन वेळी मंचावर हे सांगणं फार वाईट.

काम काय, आणि काय नाही

आपल्याकडे उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि प्रमुख वक्ते ही चार नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. कार्यक्रमात मात्र त्यांची कामं वेगळी. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि आधीच्यांचा धागा घेऊन समारोप करतात; प्रमुख पाहुणे त्यांच्या आधी बोलतात. पत्रात ‘प्रमुख पाहुणे’ आणि निमंत्रण पत्रिकेवर ‘अध्यक्षस्थान’ असं छापलं गेलं, तर पाहुण्या कोणत्या तयारीने येणार? शिवाय संस्थेचे अध्यक्ष तिथे बसलेले असतात, त्यांचा रुसवा वेगळा. तेव्हा मंचावर कोण कोण असेल, आणि अध्यक्षस्थानी कोण, हे पत्रातच लिहावं.

आपल्या उदाहरणात बाईंची कामं चार: फीत कापून उद्घाटन, बारा प्रयोगांची पाहणी, वीस मिनिटांचं भाषण आणि प्रश्नांना उत्तरं, बक्षिसं देणं. पाचवं काम आपोआप चिकटतं, ते म्हणजे परीक्षण. ‘मॅडम आल्याच आहेत, तर नंबरही त्यांनीच काढावेत,’ असं ऐन वेळी कोणीतरी सुचवतंच. ज्यांना सगळे प्रयोग बघायलाही वेळ नाही, त्यांच्यावर निकालाची जबाबदारी टाकू नये. परीक्षक वेगळे आहेत, हे पत्रात लिहून ठेवलं की नंतर कोणाला तसं सुचवता येत नाही.

भाषणाचा विषय सुचवावा, लादू नये. ‘विज्ञानाचे महत्त्व’ हा विषय देऊन काही होत नाही. भूवैज्ञानिकाला ‘आपल्या विहिरीचं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे’ हा विषय दिला की वीस मिनिटं कमी पडतील. आणि हो, विज्ञान दिन का साजरा करतात याचा परिच्छेद पत्रात नको. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला, हे पाहुण्यांना ठाऊक आहे. ते प्रास्ताविकात मुलांना सांगा.

प्रवासाचं आणि मानधनाचं सरळ लिहावं. शाळा गाडी पाठवणार असेल तर कुठून, किती वाजता. मानधनाची तरतूद नसेल तर ते फोनवर बोलून घ्यावं आणि पत्रात एक वाक्य टाकावं. संकोचाने गाळलेलं हे वाक्य पाकीट द्यायच्या वेळी दोन्ही बाजूंना अडचणीत आणतं.

पत्र

लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, एका पानात. तारीख कार्यक्रमाच्या साडेतीन आठवडे आधीची.

जावक क्र. ____ / २०२५-२६
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. डॉ. ____________
सहायक भूवैज्ञानिक,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा,
जिल्हा कार्यालय, ____________

विषय: विज्ञान प्रदर्शन व बक्षीस वितरण कार्यक्रमास प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहण्याबाबत (शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८.१५ ते ११.००)
संदर्भ: दि. ३१ जानेवारी रोजी दूरध्वनीवर झालेले बोलणे

महोदया,

सादर नमस्कार. दूरध्वनीवर आपण दिलेल्या संमतीबद्दल आभारी आहोत. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आमच्या विद्यालयात विद्यार्थ्यांनी केलेल्या ३४ प्रयोगांचे प्रदर्शन भरत आहे. या कार्यक्रमास प्रमुख पाहुण्या म्हणून आपण यावे, अशी विनंती आहे.

कार्यक्रम शनिवार, दि. २८ फेब्रुवारी २०२६ रोजी विद्यालयाच्या मैदानावर होईल. आपण सकाळी ८.१५ पर्यंत पोहोचावे. ८.३० वाजता आपल्या हस्ते प्रदर्शनाचे उद्घाटन होईल व त्यानंतर ९.२० पर्यंत आपण निवडक १२ प्रयोग पाहावेत, अशी योजना आहे. ९.३० वाजता मुख्य कार्यक्रम सुरू होईल. त्यात ९.४० ते १०.०० आपले भाषण, पुढील दहा मिनिटे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे आणि त्यानंतर आपल्या हस्ते २७ बक्षिसांचे वितरण होईल. कार्यक्रम १०.४० वाजता संपेल. ११.०० वाजता आपण निघू शकाल.

इयत्ता पाचवी ते नववीचे सुमारे ३५० विद्यार्थी, १६ शिक्षक व अंदाजे ४० पालक उपस्थित असतील. दहावीचे विद्यार्थी परीक्षेमुळे नसतील. विद्यार्थी मराठी माध्यमाचे असून बहुतेक शेतकरी कुटुंबांतील आहेत. ‘आपल्या विहिरीचे पाणी येते कुठून, जाते कुठे’ या विषयावर आपण बोलावे, असे आम्हाला वाटते. आपल्याला दुसरा विषय योग्य वाटल्यास अवश्य कळवावा. मांडवात ध्वनिक्षेपक असेल, प्रोजेक्टरची सोय मात्र नाही. एखादा खडकाचा नमुना किंवा उपकरण दाखवायचे असल्यास मंचावर टेबल ठेवू.

कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष असतील. प्रयोगांचे परीक्षण स्वतंत्र परीक्षक करणार आहेत. ती जबाबदारी आपल्यावर नाही.

आपल्याला आणण्यासाठी व परत सोडण्यासाठी शाळेतर्फे गाडीची व्यवस्था आहे. गाडी सकाळी ७.१५ वाजता आपण सांगाल त्या ठिकाणी येईल. मानधनाची तरतूद शाळेकडे नाही, याची आपल्याशी बोलताना कल्पना दिली आहेच.

आपली लेखी संमती, पाच-सहा ओळींचा परिचय व भाषणाचा विषय दि. १२ फेब्रुवारीपर्यंत मिळाल्यास निमंत्रण पत्रिका छापणे सोयीचे होईल. संपर्कासाठी: श्री. ____________, सांस्कृतिक विभागप्रमुख, भ्रमणध्वनी ____________.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही व शिक्का)
मुख्याध्यापक

सोबत: शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा
प्रत: कार्यालयप्रमुख, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिल्हा कार्यालय, यांना माहितीसाठी

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. विषयाच्या ओळीत तारीख, वार आणि वेळ आली, कारण सरकारी टेबलावर पत्राची नोंद त्या ओळीवरून होते आणि बाईही पुन्हा पाहताना तीच ओळ पाहतील. तारखेसोबत वार लिहिल्याने टंकलेखनातली चूक लगेच पकडता येते: २८ तारखेपुढे रविवार दिसला की वाचणारा थांबतो. आणि पाहुण्यांना ‘पोहोचावे’ असं स्पष्ट सांगितलं आहे. यात अनादर नाही. अनादर होतो तो त्यांना तासभर ताटकळत ठेवण्यात.

कार्यालयप्रमुखांना प्रत लागेल असं बाई फोनवर म्हणाल्या असतील तरच ती ओळ ठेवा.

पत्र गेल्यावर

पत्र शिपायाच्या हाती दिलं असेल तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही आणि तारखेसह. व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर ‘मिळालं’ एवढं उत्तर मागून घ्या. बारा तारखेपर्यंत लेखी संमती आली नाही, तर तेरा तारखेला फोन करा आणि तोपर्यंत पत्रिकेसाठी त्यांचं नाव छापखान्यात देऊ नका. पत्रिकेचं प्रूफ आलं की पत्र शेजारी ठेवून नाव, पदनाम, तारीख, वेळ आणि ‘प्रमुख पाहुण्या’ हा उल्लेख यांची ओळीने तुलना करा. पदनाम चुकतं ते नेहमी इथेच.

कार्यक्रमात काही बदललं, समजा बक्षिसं सत्तावीसची चाळीस झाली, तर पाहुण्यांचा वेळ सात मिनिटांनी वाढला. तेवढं आपल्या वेळापत्रकात सामावत नसेल तर उत्तेजनार्थ बक्षिसं वर्गात द्या. पाहुण्यांना अकरा सांगून साडेअकरा करू नका. तारीखच बदलली तर जुन्या पत्राचा जावक क्रमांक संदर्भात देऊन नवं पत्र काढावं, नुसता फोन पुरत नाही, कारण त्यांच्या कार्यालयातली परवानगी जुन्या तारखेची असते.

गुरुवारी, सव्वीस तारखेला, शेवटचा फोन. त्यात नवं काही विचारायचं नाही. गाडी कुठे येणार, चालकाचा नंबर काय, टेबल लागणार का, आणि जेवणाचा आग्रह नाही, एवढं बोलून ठेवून द्यायचा.

आणि बाईंना अचानक बैठक लागली, नकार आला, तर? त्यासाठी दुसरं नाव मुख्याध्यापकांशी बोलून आधीच ठरवलेलं असावं, पण त्यांना पहिला नकार येईपर्यंत काहीही कळवू नये. एकाच जागेसाठी दोघांना पत्र गेलं आणि दोघे आले, तर ते निस्तरणं अवघड. दुसऱ्या पाहुण्यांना हेच पत्र नाव बदलून पाठवू नका. समजा त्या जागी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक येणार असतील, तर विहिरीचा विषय त्यांच्या गळ्यात कशाला? विषय बदला, पाहायचे बारा प्रयोग पुन्हा निवडा, पद आणि मायना तपासा. आणि कमी दिवस हाती आहेत म्हणून त्यांना भाषण पंधराच मिनिटांचं ठेवायचं असेल, तर तसं लिहा आणि उरलेली पाच मिनिटं मुलांच्या प्रश्नांना द्या.